दोन पॉइंटची नोकरी

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार. दरमहा एक्केचाळीस हजार पाचशे रुपये.

शेंडे सरांनी तारीख आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहिला, शेजारी ‘अजमल’ असं नाव टाकलं आणि पेनाचं टोपण लावलं. चांगली बातमी लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. कोरेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते एकतीस वर्षं पुस्तपालन शिकवत होते. निवृत्तीला साडेसहा महिने उरले होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी कुणाला नोकरी लागली, कुणाचं दुकान निघालं, सगळं त्या डायऱ्यांत होतं. घरी त्यांच्या पत्नी उमाताई म्हणायच्या, “पोरं नोकऱ्या बदलतात, तुमच्या डायऱ्या काही बदलत नाहीत.”

अजमल मुलाणी हा आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीतला मुलगा. मामाकडे राहून कोरेगावात अकरावी-बारावी केली, पुढे बी.कॉम. झाला आणि गावच्या सहकारी दूध संस्थेत सचिव म्हणून लागला. पगार चौदा हजार. त्याने सरांच्या मोबाइलवर नेमणुकीच्या पत्राचा फोटो पाठवला होता. फलटणच्या बाजूची एक खासगी डेअरी त्याला संकलन व्यवस्थापक म्हणून घेत होती. बावीस गावांतली दूध संकलन केंद्रं त्याच्या ताब्यात येणार होती. फोटोच्या खाली आवाजातला निरोप होता. मधल्या सुट्टीत सरांनी तो कानाला लावून ऐकला.

“सर, अजमल बोलतोय. पगार बघितला न्हवं? तिप्पट हाय. जीनतच्या घरचे चौदा हजारावर पोरगी द्यायला तयार न्हाईत, तुमाला ठावं हाय. आता तेबी गप बसतील. सर, तुमच्या लेटरहेडवर चारित्र्याचा दाखला लागतोय, तेवढा द्या. आन् एक इचारायचं हुतं. केंद्रावरच्या फॅट मशीनचं सेटिंग माझ्याकडं असणार. तिथले यशराजसाहेब म्हंले, सगळ्या मशिनी दोन पॉइंट खाली ठेवायच्या. हाताळणीत घट येती म्हंत्यात. सगळेच करत्यात म्हंत्यात. तर सर, ह्यात काय वावगं हाय का? तुमी सांगाल तसं.”

सरांनी तो निरोप पुन्हा ऐकला. मग डायरी उघडली आणि मघाशी लिहिलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

त्यांना दुधातलं काही कळत नव्हतं. दूध घरी पिशवीतून येई. पण न कळणाऱ्या गोष्टीवर मत द्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता, आणि राग आला तर तो कागदपत्रं तपासूनच यायचा. ते उठले आणि द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाला दुग्धव्यवसाय शिकवणाऱ्या भार्गवीबाईंच्या प्रयोगशाळेत गेले.

“बाई, दुधाची फॅट दोन पॉइंट खाली ठेवायची म्हणजे काय करायचं?”

भार्गवीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “कुणाला ठेवायचीय? तुम्हाला? निवृत्तीनंतर डेअरी टाकताय की काय?”

“थट्टा नको. समजावून सांगा.”

बाईंनी आधी ते केंद्रावरचं विजेचं यंत्र दाखवलं. नळी दुधात बुडवली की मिनिटभरात फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घनांश, आणि पाण्याचं प्रमाण आकड्यांत येतं, खाली छापील पावतीही निघते. “पण हे यंत्र फॅट काढून मोजत नाही, सर. दुधातून ध्वनिलहरी सोडतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. अंदाज बरोबर यावा म्हणून आधी त्याला खरं माप शिकवावं लागतं. त्यासाठी आत दुरुस्तीचा एक आकडा भरायची सोय असते. पासवर्ड ज्याच्याकडे, तो भरणार. तिथे उणे शून्य पूर्णांक दोन भरलं, की तीन-आठची फॅट तीन-सहा दिसते. शून्य पूर्णांक एक म्हणजे एक पॉइंट.”

“आणि खरं माप कशाने कळतं?”

“ॲसिडने.” बाईंनी कपाटातून बुटिरोमीटर काढलं. काचेची जाड नळी, वरचं टोक निमुळतं, त्यावर आकडे कोरलेले. दहा मिली गंधकाम्ल आधी, त्यावर हळूच पावणेअकरा मिली दूध, वर एक मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून नळी फडक्यात गुंडाळून हलवली, तर फडक्यातूनसुद्धा चटका लागावा इतकी ती तापली. मग पाच मिनिटं यंत्रात गरगर फिरवली, पासष्ट अंशाच्या पाण्यात ठेवली. वर निमुळत्या भागात पिवळसर तेलासारखा थर आला. बाईंनी तो डोळ्यासमोर धरला. “ही खरी फॅट. हिला पासवर्ड नसतो.”

“आणि हाताळणीत घट येते म्हणतात, ती?”

“येते की. भांड्याला लागतं, टँकरला लागतं. ती दरात धरायची असते, उघड सांगून. यंत्राच्या पोटात नाही.”

“म्हणजे हे चक्क काटा मारणं झालं!” सरांनी हात असा झटकला की टेबलावरची दुसरी रिकामी नळी फरशीवर पडून फुटली.

भार्गवीबाई शांतपणे म्हणाल्या, “दोनशे ऐंशी रुपये, सर. आयएसआय मार्कची होती.”

“देतो,” असं म्हणून सर तावातावाने वर्गात गेले.

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी फुलस्केप कागद घेतला. उमाताई म्हणाल्या, फोन करा, दोन मिनिटांत बोलून होईल. सर म्हणाले, फोनवर तो ‘व्हय सर, व्हय सर’ म्हणेल आणि मोकळा होईल. कागद समोर असला की माणसाला परत वाचावं लागतं. त्यांनी लिहिलं:

“चि. अजमल यास अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस यात वावगं आहे का. तू विचारलंस याचा मला आनंद झाला, आणि तुला विचारावं लागलं याचा संताप झाला. दोन्ही लिहितो.

बावीस केंद्रांचं मिळून रोजचं दूध अठरा हजार लिटर, असं तुझ्याच नेमणूकपत्रात आहे. फॅटचा एक पॉइंट घसरला की लिटरमागे तीस पैसे कापतात. दोन पॉइंटला साठ पैसे. गुणाकार तुला येतो, तरी करून देतो. रोजचे दहा हजार आठशे रुपये. महिन्याचे तीन लाख चोवीस हजार. तुझा पगार महिन्याच्या चौथ्या तारखेला वसूल होतो, उरलेले सव्वीस दिवस तू त्यांना फुकट कमावून देणार आहेस. आणि ते लोणी? अठरा हजार लिटरमागे रोज छत्तीस किलोच्या वर फॅट टाकीत खरोखर पडते, पण कुणाच्या पावतीवर नसते. जिची जमा नाही तिची विक्री कशी होते, हे मी तुला अकरावीत शिकवलं होतं. असं कधी होत नाही, कुणीतरी ती दिलेली असते, असं तू फळ्यापाशी उभा राहून उत्तर दिलं होतंस.

दिवसाला वीस लिटर घालणाऱ्या बाईचे रोज बारा रुपये जातात. बारा रुपयांसाठी कुणी भांडायला जात नाही, हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे. म्हणून तर दोन पॉइंट, पाच नव्हेत. पाच काढले तर बोंब होईल. बोंब होणार नाही इतकंच चोरायचं, याला ते व्यवस्थापन म्हणतात आणि त्यासाठी व्यवस्थापक नेमतात.

सगळेच करतात, असं ते म्हणाले. सगळेच करत असते तर त्यांना बाहेरचा माणूस कशाला लागला असता? तुझ्यापेक्षा शिकलेली माणसं फलटणला पुष्कळ मिळतील. पण तुमच्या भागात ‘मुलाणीचा अजमल पावती देतो’ म्हटलं की माणसं आकडा न वाचता पावती खिशात घालतात. ते एक्केचाळीस हजार पाचशे त्या न वाचलेल्या पावतीचे आहेत. तुझ्या वडिलांनी तीस वर्षं शेजारपाजाऱ्यांची जनावरं बाजारात नेऊन विकून दिली आणि एका रुपयाची लबाडी केली नाही, म्हणून तुझं नाव एवढं किमती आहे. ते नाव तू एकट्याने कमावलेलं नाही, तेव्हा एकट्याने विकूही नकोस.

चौदा हजारात घर चालत नाही हे मला कळतं. जीनतच्या घरच्यांना तुझ्या बाजूने पत्र लिहायला मी तयार आहे. पण या कामासाठी चारित्र्याचा दाखला माझ्याकडे मागू नकोस.

तुझा, गो. कृ. शेंडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडण्याआधीच ते दारात उभे होते. स्पीड पोस्टाच्या पाकिटावर त्यांनी पत्ता लिहिला तो आपल्या जुन्या हजेरीवहीतला, प्रवेशाच्या वेळी अजमलच्या वडिलांनी दिलेला: ‘द्वारा दिलावर मुलाणी, दूध संस्थेजवळ’. मोबाइलवर अजमलला विचारलं असतं तर तो सध्या फलटणला डेअरी बघायला गेलाय, हे कळलं असतं. पण सरांचा स्वतःच्या वहीवर विश्वास होता.

शनिवारी संध्याकाळी सातला सरांचा फोन वाजला. पलीकडे दिलावर मुलाणी. आवाज असा की उमाताईंना स्वयंपाकघरात ऐकू यावा.

“आवं सर, काय केलंत हो हे तुमी!”

“काय झालं दिलावरभाई?”

“काय झालं? समदं झालं! पोस्टमन आला तवा दूध घालायला समदा गाव जमलेला. सरांचं पत्र आलं म्हंल्यावर मला वाटलं पोराचं कवतिक आसंल. नोकरी लागली, अभिनंदन, आसं काय तरी. मी म्हंलं, ऐका रं समदे, कोरेगावच्या सरांचं पत्र हाय! आपली श्रद्धा हाय न्हवं, संस्थेत सॅम्पल घेती ती, तिला म्हंलं, वाच गं मोठ्यानं. किटल्या खाली ठेवून माणसं ऐकत बसली. आन् ती पोरगी वाचतीया... फॅट, दोन पॉइंट, चोरी, बारा रुपये! मी म्हंलं थांब, तर सुलाबाई म्हंती, आता कशाला थांब, वाचू द्या पुरतं!”

सर खुर्चीत बसले. त्या भागात पत्र आलं की ते चारचौघांत वाचायची पद्धत होती, आणि शिक्षकाचं पत्र म्हणजे तर मानच. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

“सुलाबाई कोण?”

“हायेत एक, धा-वीस लिटर दूध हाय त्यांचं. त्या फलटणवाल्यांच्याच केंद्रावर घालत्यात, संस्थेच्या समोरच हाय ते. मंग काय! उरलेल्या अर्ध्या लिटरची किटली घेऊन आल्या, पदर खोचला आन् म्हंल्या, ती ॲसिडची मशीन काढा. आमच्या संस्थेत जुनी मशीन पोत्याखाली पडलेली. श्रद्धानं धुऊन-पुसून लावली. तिकडची पावती तीन-सहा, आन् ॲसिडमध्ये आली तीन-आठ. बरोबर दोन पॉइंट, सर! चाळीस माणसं डोळे लावून बघत हुती. आता माझ्या पोराला लोक काय म्हंत्यात ठावं हाय? म्हंत्यात, हा बावीस गावाला लुबाडायला निघालावता, त्येच्या मास्तरानं धरला!”

“त्याने मला विचारलं होतं, दिलावरभाई. विचारणारा चोर नसतो.”

“ते पत्रात वाचलं आमी. पर गाव पैली वळ कवा ध्यानात ठेवतंय? शेवटचीच ठेवतंय.” दिलावरने फोन ठेवला.

त्या रात्री सरांचा संताप पहिल्यांदा स्वतःकडे वळला. ते उमाताईंना म्हणाले, “पत्रातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण पाकिटावरची तीन ओळींची चूक माझी आहे.”

“मग त्याला तसं सांगा,” उमाताई म्हणाल्या. “नेहमीसारखं भाषण मात्र करू नका.”

रविवारी दुपारी पुसेगावमार्गे येणाऱ्या एसटीतून अजमल उतरला आणि थेट सरांच्या घरी आला. चप्पल दाराबाहेर काढली, नमस्कार केला, पण बसला नाही.

“सर, मी तुमाला एकट्याला इचारलं हुतं.”

“हो.”

“आन् तुमी मला गावाच्या चव्हाट्यावर उभा केला.”

“पत्ता चुकीचा घातला. माझी चूक. माफ कर.”

सरांनी कुणाची माफी मागितलेली त्याने कधी पाहिली नव्हती. उमाताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला तसा तो बसला.

“माझ्या आईनं, अख्तरबीनं, कालपासनं चूल पेटवली न्हाई सर. जीनतच्या बापानं फोन करून इचारलं, पोलिसात केस हाय का म्हणून! आन् आज सकाळी यशराजसाहेबांचा फोन. आधी लय शिव्या दिल्या. मंग म्हंले, तुझ्या सरांकडनं लिहून आण की गैरसमज झाला, यंत्रात तांत्रिक दोष हुता. चारित्र्याचा दाखला आण. उद्या ये, पंचेचाळीस हजार देतो.”

“वाढवले!” सर ताडकन उभे राहिले. “साडेतीन हजार वाढवले! सुलाबाईंसारख्या नऊ-दहा बायकांच्या महिन्याच्या दुधातून काढतील ते! आणि तांत्रिक दोष? बावीसच्या बावीस यंत्रांत मोजून दोनच पॉइंटचा दोष, आणि तोही नेमका त्यांच्याच फायद्याचा! कधी एखादं यंत्र दोन पॉइंट वर का चुकत नाही रे?”

“भाषण,” आतून उमाताईंचा आवाज आला.

सर बसले. अजमलला हसू आलं, पण त्याने ते चहाच्या कपात बुडवलं. “सर, मी न्हाई म्हंलो तरी ती नोकरी मोकळी न्हाई राहायची. दुसरा कुणी तरी जाईल. मंग मीच का मरायचं?”

सर म्हणाले, “दुसरा जाईल. खरं आहे. त्याने मला विचारलं नाही, म्हणून त्याला मी काही सांगू शकत नाही.”

“गैरसमज झाला असं लिहून देणार?”

“नाही. पण चारित्र्याचा दाखला देतो.”

अजमलने मान वर केली. सरांनी लेटरहेड काढलं आणि त्याच्यासमोरच लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं. त्यात एवढंच होतं:

“श्री. अजमल दिलावर मुलाणी यांना मी अकरावीपासून ओळखतो. दुधाच्या यंत्रात फॅट दोन पॉइंट कमी दाखवण्याचे काम आपल्याकडे करावे लागेल, असे त्यांना सांगण्यात आले, आणि रुजू होण्यापूर्वी त्यांनी ते स्वतःहून मला कळवले. अशी गोष्ट जो लपवत नाही त्याच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. ज्या कामात सचोटी लागते अशा कोणत्याही कामासाठी मी त्यांची शिफारस करतो.”

“हे घेऊन गेलो तर ते मला दारात उभा करणार न्हाईत,” अजमल म्हणाला.

“त्यांनी दाखला मागितला. जे खरं आहे ते मी लिहिलं. तो द्यायचा की फाडायचा, ते तुझ्याकडे. फाडलास तरी मी कुणाला बोलणार नाही. पुन्हा पत्रही लिहिणार नाही.”

“पत्र तर मुळीच लिहू नका सर,” अजमल म्हणाला. कागदाची घडी घालून त्याने ती वरच्या खिशात ठेवली आणि चारच्या गाडीने गेला.

सोमवारी दिवसभर सरांनी फोन जवळ ठेवला. वर्गात तो बंद करायचा नियम त्यांनीच केलेला, तो त्या दिवशी त्यांनी मोडला. संध्याकाळी अजमलचा आवाज आला, मागे बसस्टँडवरची घोषणा चालू होती.

“दिला, सर.”

“काय दिलंस?”

“दाखला. यशराजसाहेबांनी एकदा वाचला, मंग चष्मा घालून परत वाचला. म्हंले, हे काय आणलंस? मी म्हंलं, साहेब, तुमीच चारित्र्याचा दाखला मागितलावता. म्हंले, तुझा मास्तर येडा हाय का? मी म्हंलं, हाय थोडा, पर हिशोबाला पक्का हाय. आन् बाहेर आलो, सर. पंचेचाळीस हजार हुते ते.”

“माहीत आहे मला.”

“तुमाला न्हाई माहीत,” अजमल म्हणाला, आणि सरांनी ते मान्य केलं.

आता हे सगळं होऊन तीन महिने झाले. अजमल संस्थेत चौदा हजारांवरच आहे. जीनतच्या वडिलांनी लग्न एक वर्ष पुढे ढकललं. मोडलं नाही, पण होही म्हटलं नाही. दर रविवारी सकाळी संस्थेच्या ओट्यावर तो जुनी ॲसिड मशीन मांडून बसतो. कुठल्याही केंद्रावर दूध घालणाऱ्याने अर्धा लिटर आणि पावती घेऊन यावं, खरी फॅट बघून जावी. ॲसिडचे पाच रुपये. पहिल्या रविवारी सुलाबाई सगळ्यांत पुढे होत्या. समोरच्या खासगी केंद्रावर आता पावती बरोबर येते. डेअरीवाल्यांनी ते यंत्र मुकाट्याने बदललं.

पण फक्त त्या गावात. शेजारच्या गावातून एक जण पावती घेऊन आला, तर पुन्हा दोनच पॉइंट कमी. शेंडे सरांनी त्यावर तीन पानी अर्ज लिहिला, पावत्यांच्या प्रती जोडल्या, ॲसिड चाचणीच्या तारखा लिहिल्या आणि जिल्ह्याच्या दुग्धविकास कार्यालयाला पाठवला. अर्ज मिळाल्याचा क्रमांक आला. तपासणीची तारीख अजून आलेली नाही. सर दर सोमवारी फोन करतात, क्रमांक सांगतात आणि विचारतात. फोन घेणाऱ्या माणसाने मागच्या सोमवारी वैतागून विचारलं, “सर, तुमचं स्वतःचं किती दूध जातं हो तिथे?”

“माझ्या घरी पिशवीतलं दूध येतं,” सर म्हणाले. “पुढच्या सोमवारी पुन्हा करतो फोन.”

फोडलेल्या बुटिरोमीटरचे दोनशे ऐंशी रुपये त्यांनी भार्गवीबाईंना अजून दिलेले नाहीत.